डागाची कड बघा, मग टूल निवडा: हीलिंग ब्रश, क्लोन स्टॅम्प आणि पॅच टूल

मे महिन्यात लग्नाच्या बायोडाटासाठी काढलेला एक फोटो आमच्याकडे रिटचिंगला आला होता. सकाळच्या वेळी उपवन तलावाच्या काठावर काढलेला. ऊन एका बाजूने येत होतं, म्हणून मुलीचा एक गाल उजळ आणि दुसरा सावलीत. चेहरा सुरेख आला होता. फक्त उजळ गालावर एक लाल पुटकुळी होती, सावलीतल्या जबड्याच्या कडेवर, बरोबर केस सुरू होतात तिथे, दुसरी. कपाळावर घामोळ्याचा पुंजका होता आणि खालच्या ओठाला चिकटून एक बारीक फोड. शिवाय हनुवटीवर एक तीळ होता, त्याच्याबद्दल शेवटी सांगते.

मी नौपाड्यातल्या एका छोट्या स्टुडिओत रिटचिंग करते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कळव्याच्या मुलाला मी हा फोटो दिला. त्याने हीलिंग ब्रश घेतला आणि सगळीकडे तोच चालवला. गालावरच्या पुटकुळीचा फुगवटा एका क्लिकमध्ये गेला. जबड्याजवळ मात्र पुटकुळीच्या जागी काळपट ढग उमटला, जणू काजळाचं बोट लागलं होतं. तो म्हणाला, "ताई, टूल तेच, सेटिंग तेच, मग इथे काय झालं?"

हा लेख त्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. फोटोशॉप नुकतंच हातात घेतलेल्यांसाठी तो लिहिते आहे. विंडोजवरच्या कळा दिल्या आहेत. मॅकवर Ctrl ऐवजी Cmd आणि Alt ऐवजी Option.

ठिगळ आणि रफू

त्वचेच्या फोटोत दोन गोष्टी एकावर एक बसलेल्या असतात. एक म्हणजे पोत: रोमछिद्रं, बारीक लव, सुरकुत्यांच्या रेषा. दुसरी म्हणजे रंग आणि उजेड: गाल किती गुलाबी, कुठे ऊन, कुठे सावली. तिन्ही टूल चेहऱ्यावरच्या चांगल्या जागेवरून काहीतरी उचलतात आणि डागावर आणून ठेवतात. उचलताना या दोनपैकी काय सोबत येतं, यात त्यांचा फरक आहे.

क्लोन स्टॅम्प दोन्ही उचलतो. जिथून घेतलं तिथले पिक्सेल जसेच्या तसे इथे येतात. हे ठिगळ झालं. फाटक्या सदऱ्याला दुसऱ्या कापडाचा तुकडा लावला की त्या तुकड्याची वीणही येते आणि रंगही येतो. रंग जुळला तर कोणाला कळत नाही, नाही जुळला तर लांबून दिसतं.

हीलिंग ब्रश आणि पॅच टूल रफू करतात. ते फक्त वीण उचलतात आणि रंग त्या जागेच्या भोवतालून घेतात. तुम्ही ब्रशने जेवढा भाग झाकता, त्याच्या बाहेरच्या कडेवर कोणता रंग आणि किती उजेड आहे हे फोटोशॉप बघतं. आणलेला पोत आणि ही कड यांच्यात जो फरक पडतो, तो आतल्या भागात हळूहळू, सपाटीने पसरवून देतं. म्हणून सावलीतल्या गालावर उजळ कपाळाचा पोत आणला तरी तो सावलीच्या रंगात येऊन बसतो.

जबड्यावरच्या काळ्या ढगाचं कारण इथेच आहे. हीलिंग ब्रश रंग कडेवरून घेतो, आणि जबड्यावर ब्रशच्या कडेचा अर्धा भाग त्वचेवर होता, अर्धा काळ्या केसांवर. टूलला केस आणि त्वचा यातला फरक कळत नाही. कडेवर काळा रंग सापडला, तो त्याने आत पसरवला. त्या मुलाचा हात चुकला नव्हता, टूल चुकीचं निवडलं होतं.

हीलिंग ब्रश आणि पॅच टूल फोटोशॉपच्या ७.० या आवृत्तीत, २००२ साली आले. त्याआधी डाग काढायचं काम मुख्यतः क्लोन स्टॅम्पवर होत असे. त्या काळात शिकलेली मंडळी अजूनही अवघड कडांवर क्लोन इतक्या सहज चालवतात की बघत राहावं. नव्या टूलमुळे क्लोनची गरज संपली, असं समजू नका.

आधी एक छोटा प्रयोग

वाचून हे जेवढं कळतं, त्याहून दोन मिनिटांच्या प्रयोगाने जास्त कळेल. एका बाजूने उजेड असलेला कोणताही चेहरा उघडा. S दाबून क्लोन स्टॅम्प घ्या, Alt धरून कपाळाच्या उजळ भागावर क्लिक करा, आणि मग गळ्याच्या सावलीत एक ठिपका मारा. गळ्यावर कपाळाचा चकाकता गोल दिसेल. Ctrl+Z करा.

आता J दाबा. J या एकाच कळीवर अनेक टूल आहेत. Shift+J दाबत गेलात की ती एकामागून एक येतात. त्यातला हीलिंग ब्रश घ्या, वरच्या पट्टीत Source पुढे Sampled आहे ना ते बघा, आणि कपाळ ते गळा हेच पुन्हा करा. रंग जुळेल. पण मोठं करून पाहिलंत तर गळ्यावर कपाळाची रोमछिद्रं दिसतील, गळ्याची नाहीत. म्हणजे हीलिंग रंगाची चूक सावरून घेतो, पोताची नाही. पोत कुठून घ्यायचा हे शेवटी तुमचे डोळेच ठरवतात.

तिसरा ठिपका केसांच्या रेषेवर मारा, अर्धा त्वचेवर आणि अर्धा केसांत. तोच काळा ढग तुमच्याही स्क्रीनवर येईल. एकदा मुद्दाम घडवून पाहिला की पुढे तो बघताक्षणी ओळखू येतो.

थरांची मांडणी आणि तिचा क्रम

मूळ फोटोवर कधीच हात चालवू नका. Ctrl+J ने थराची एक प्रत काढा. ही पॅच टूलसाठी. तिच्यावर Ctrl+Shift+Alt+N ने एक रिकामा थर घ्या. हा हीलिंग आणि क्लोनसाठी.

दोन वेगळे थर का, ते सांगते. हीलिंग ब्रश आणि क्लोन स्टॅम्प खालच्या थरातलं उचलून रिकाम्या थरावर ठेवू शकतात. त्यासाठी वरच्या पट्टीत Sample पुढे Current & Below निवडावं लागतं. मग एखादा ठिपका आवडला नाही तर तेवढाच खोडरबराने पुसता येतो, किंवा थराची अपारदर्शकता कमी करून डाग पुसट ठेवता येतो. पॅच टूलला त्याच्या Normal पद्धतीत ही सोय नाही. त्याला प्रत्यक्ष पिक्सेल असलेला थर लागतो. नवशिके रिकाम्या थरावर पॅच चालवायला जातात आणि टूल बिघडलं म्हणून अडून बसतात.

म्हणून क्रम असा: आधी प्रतीवर पॅचची मोठी कामं, मग वरच्या रिकाम्या थरावर हीलिंग आणि क्लोनची बारीक कामं. उलट केलंत तर वर आधी रंगवलेले ठिपके खालचा नवा पॅच झाकून टाकतील.

फोटो कुठून आला हेही बघा. मोबाइलवरून मेसेजमध्ये आलेला फोटो बहुतेकदा आक्रसलेला असतो. त्यात त्वचेचा पोत उरलेलाच नसतो, चौकोनी ठोकळे असतात. हीलिंग ब्रश मग ते ठोकळेच उचलतो. गिऱ्हाइकाला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर कॅमेऱ्याच्या कार्डावरून घ्या.

आमची फाइल ४००० × ६००० पिक्सेलची होती. बायोडाटाला ४ × ६ इंची प्रिंट लागणार होती. ३०० डीपीआयला ती १२०० × १८०० पिक्सेल होते, म्हणजे फाइलच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी कमी. फाइलमधला ४० पिक्सेलचा डाग छापल्यावर १२ पिक्सेलचा, म्हणजे साधारण एक मिलिमीटरचा दिसेल. आणि ४ पिक्सेलचा ठिपका दिसणारच नाही. हा हिशोब केला नाही तर माणूस ४०० टक्के झूम करून तासभर अशा गोष्टी पुसत बसतो, ज्या कागदावर कधी येणारच नव्हत्या. Ctrl+1 दाबून १०० टक्क्यांवर काम करा.

कपाळावरचं घामोळं: पॅच टूल

घामोळ्याचा पुंजका फाइलमध्ये साधारण ३५० पिक्सेल रुंद होता. त्यात वीस-पंचवीस बारीक लालसर पुळ्या, एकमेकींना खेटून. हीलिंग ब्रशने एकेक काढायला गेलं की प्रत्येक ठिपक्याची कड शेजारच्या पुळीवर पडते आणि तिचा लाल रंग आत ओढला जातो. शिवाय वीस ठिपके एकमेकांवर चढतात आणि पोत गिचमिड होतो. पॅच टूलमध्ये अख्खा पुंजका एका आकारात येतो, कड एकच असते आणि हिशोबही एकदाच होतो.

Shift+J दाबत पॅच टूलवर या. वरच्या पट्टीत Patch पुढे Normal आणि शेजारी Source निवडलेलं ठेवा. थरांच्या यादीत फोटोची प्रत निवडा, रिकामा थर नाही. आता पुंजक्याभोवती माउसने मोकळा वेढा काढा. वेढ्याची रेघ पुळ्यांना चिकटून काढू नका. तीस-चाळीस पिक्सेल बाहेर, स्वच्छ त्वचेवरून न्या. रंग या रेघेवरून घेतला जाणार आहे, त्यामुळे रेघेखाली एकही पुळी नको.

वेढ्याच्या आत माउस दाबून तो आकार चांगल्या त्वचेवर ओढत न्या. ओढताना मूळ जागी नवा पोत कसा दिसेल ते लगेच दिसतं, म्हणून सावकाश ओढा आणि बघत राहा. कपाळासाठी कपाळच शोधा. गालाची रोमछिद्रं कपाळापेक्षा मोठी असतात आणि त्यांचा कलही वेगळा असतो; गालाचं कापड कपाळावर रफूला चालत नाही.

कपाळावर आडव्या रेषा असतील तर आकार शक्यतो आडवाच सरकवा, आणि डावीकडची रेषा उजवीकडे पुढे चालू झालेली दिसली की तिथे बटण सोडा. वर किंवा खाली सरकवलंत तर रेषा मध्येच तुटते, आणि डोळ्याला डागापेक्षा तुटलेली रेषा आधी खुपते. जुळलं की Ctrl+D ने वेढा काढून टाका.

आमच्या फोटोत पहिला प्रयत्न फसला. त्या मुलाने आकार वर, केसांच्या रेषेजवळ नेला. तिथे कपाळावर आलेली एक सुटी बट होती, तिचा केस नव्या जागी जसाच्या तसा उमटला, फक्त जरा उजळ होऊन. पॅच उचलतो तो मोठा तुकडा असतो, त्यामुळे स्रोताच्या जागी केस, चकाकी किंवा दुसरा डाग आहे का हे अख्ख्या आकारात तपासावं लागतं. दुसऱ्या वेळी आम्ही आकार भुवईच्या वर, आडवा सरकवला आणि काम झालं.

पट्टीत Diffusion नावाचा आकडा दिसेल, हीलिंग ब्रशलाही तो असतो. ठळक पोताच्या त्वचेला तो कमी ठेवावा, गुळगुळीत पृष्ठभागाला जास्त. सुरुवातीला त्याच्याशी खेळू नका, आहे तसा राहू द्या.

गालावरची पुटकुळी: हीलिंग ब्रश

सगळीकडून स्वच्छ त्वचा, मध्ये एकटा डाग. हीलिंग ब्रश बनला आहे तो यासाठीच. तरीही नव्या हाताकडून इथे एक चूक हमखास होते.

पुटकुळीचा दिसणारा भाग ४० पिक्सेलचा होता. म्हणून त्या मुलाने आधी ४५ पिक्सेलचा ब्रश घेतला. क्लिक केल्यावर फुगवटा गेला, पण गुलाबी डाग तसाच राहिला. त्याने तिथेच पुन्हा क्लिक केलं, मग पुन्हा. गुलाबी रंग थोडा फिकटला आणि पोत मात्र मेणासारखा झाला.

पुटकुळीभोवती लालीचं एक कडं असतं. ते फुगवट्यापेक्षा बरंच रुंद असतं, इथे ७० पिक्सेलपर्यंत होतं. ब्रशची कड त्या कड्यावर पडली, आणि टूलने कडेचा लाल रंग इमानाने आत भरला. ब्रश कडं ओलांडून पलीकडे गेला पाहिजे. आम्ही Ctrl+Z करत मूळ स्थितीला आलो, चौकोनी कंसाच्या ] कळीने ब्रश ८० पिक्सेलचा केला, आणि एका क्लिकमध्ये पुटकुळी लालीसकट गेली. हीलिंगनंतर डागाची सावली उरलेली दिसली तर दुसरं क्लिक करू नका. मागे या आणि ब्रश मोठा करा.

सेटिंग अशी ठेवा: रिकामा थर निवडलेला, Mode Normal, Sample पुढे Current & Below, ब्रशचा Hardness ८० ते १०० टक्के. कडक कडेचा ब्रश म्हटल्यावर भीती वाटते, डाग कापून चिकटवल्यासारखा दिसेल अशी. पण कड जुळवण्याचं काम टूल स्वतःच करतं. मऊ ब्रश घेतला तर कडेपाशी जुना आणि नवा पोत अर्धा-अर्धा मिसळतो आणि तिथे एक धूसर वलय राहतं.

स्रोत घेताना Alt धरून त्याच गालावर, डागापासून थोड्याच अंतरावर, त्याच उजेडात क्लिक करा. मग डागावर एकच क्लिक. ओढू नका. ओढल्यावर सगळा फटकारा मिळून एक भाग धरला जातो आणि त्याची लांबलचक कड कुठे ना कुठे नको त्या रंगावर जातेच. आणि पाच डाग असतील तर पाच वेगळ्या जागांवरून पोत घ्या. एकाच जागेवरून घेत राहिलात तर तेच दोन ठळक रोमछिद्रांचं जोडपं गालावर पाच ठिकाणी दिसतं. फोटो लहान करून पाहिला तरी अशी नक्कल जाणवते.

जबड्याच्या कडेवरची पुटकुळी: क्लोन स्टॅम्प

आता ज्या जागेवरून हे सगळं सुरू झालं तिथे येऊ. ही पुटकुळी अर्धी जबड्याच्या रेषेवर होती. एका बाजूला सावलीतली त्वचा, दुसऱ्या बाजूला काळे केस. कडेवरून रंग घेणारं कोणतंही टूल इथे फसणार, मग तो हीलिंग असो वा पॅच. कडेकडे न बघता, दिलेलं जसंच्या तसं ठेवणारं टूल इथे हवं, म्हणजे क्लोन स्टॅम्प. पण क्लोन रंगही सोबत आणतो, त्यामुळे स्रोत असा हवा जिथे त्वचा, रेषा आणि केस हे तिन्ही याच मांडणीत, याच उजेडात आहेत. अशी जागा साहजिकच त्याच जबड्याच्या रेषेवर, डागाच्या थोडी वर किंवा खाली सापडते.

S दाबा. Opacity १०० टक्के, Hardness ४० ते ५० टक्के, Sample पुढे Current & Below. Aligned वर खूण असू द्या, म्हणजे ब्रश आणि स्रोत यांच्यातलं अंतर कायम राहील आणि तुटक ठिपके मारले तरी रेषा सलग पुढे सरकेल. Alt धरून बरोबर रेषेवर क्लिक करा, म्हणजे अर्धा गोल त्वचेवर आणि अर्धा केसांवर. मग डागापाशी येऊन ब्रशच्या गोलात दिसणारी रेषा खालच्या रेषेशी जुळवा आणि ठिपका मारा. ब्रश डागापेक्षा फार मोठा घेऊ नका. इथे ६० पिक्सेल पुरला.

जबडा वळलेला असतो ही इथली अडचण. बोटभर वरची रेषा आणि डागाजवळची रेषा यांचा कल सारखा नसतो, आणि ठिपक्यात छोटी पायरी दिसते. Window मेनूतून Clone Source ही पट्टी उघडा. तिथे कोनाच्या खुणेपुढे अंश भरता येतात. आम्हाला ६ अंश लागले. आकडा बदलत ब्रश डागावर धरून ठेवा, गोलातली रेषा वळत वळत नेमकी बसते. काम झालं की तो आकडा आठवणीने शून्य करा, नाहीतर पुढचा प्रत्येक ठिपका तिरका येईल.

क्लोनच्या बाबतीत एक मोह टाळायला सांगते. Opacity २०–३० टक्के ठेवून, हलक्या हाताने अनेकदा फिरवत डाग झाकण्याची सवय पुष्कळांना असते. पोताच्या दृष्टीने ते वाईट आहे. एका पोतावर दुसरा पोत अर्धवट चढवला की एकाची छिद्रं दुसऱ्याच्या सपाट भागावर येतात, दोन्ही पुसट होतात. चार थरांनंतर त्वचा मेणाच्या बाहुलीसारखी दिसते. कडेवर काम असेल तर पूर्ण अपारदर्शक, अचूक, एकदाच.

कमी Opacity ला एक योग्य जागा आहे. डोळ्याखालची काळसर रेषा पूर्ण पुसायची नसते, फक्त हलकी करायची असते. तिथे क्लोनचा Mode बदलून Lighten करा आणि Opacity २५ टक्क्यांच्या आसपास ठेवा. मग स्रोतापेक्षा गडद असलेले पिक्सेलच उजळतात, बाकीच्यांना धक्का लागत नाही.

ओठाजवळची फोड: दोघांच्या मधली जागा

ही जागा मला सगळ्यात आवडते, कारण इथे टूलपेक्षा युक्ती कामाला येते. फोड त्वचेवरच होती, पण ओठाच्या कडेला टेकलेली. हीलिंग केलं की ओठाचा गुलाबी रंग हनुवटीकडे पसरायचा. क्लोन करावं तर त्या भागात उजेड इतक्या लवकर बदलत होता की जुळणारा स्रोतच मिळेना.

यावर उपाय असा. लॅसो टूल घ्या आणि फक्त त्वचेचा भाग निवडा. निवड फोडीपेक्षा मोठी असू द्या, पण ओठाच्या बाजूला ती ओठाची रेषा अगदी नेमकी पाळत गेली पाहिजे, ओठाचा एकही पिक्सेल आत नको. कड मऊ करू नका, वरच्या पट्टीत Feather शून्य ठेवा. आता या निवडीच्या आत हीलिंग ब्रश चालवा. ब्रशचा गोल ओठावर गेला तरी हरकत नाही. निवडीबाहेरचा रंग आत येत नाही. चालत्या रेघा डोळ्यांना त्रास देत असतील तर Ctrl+H ने लपवा, पण काम झाल्यावर Ctrl+D करायला विसरू नका. निवड लपलेली आहे हे विसरून पुढे ब्रश का चालत नाही म्हणून हैराण झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

हीच युक्ती नाकपुडीच्या कडेला, चष्म्याच्या फ्रेमजवळ, टिकलीच्या शेजारी चालते. केसांच्या रेषेवर मात्र नाही, कारण तिथे एकेक केस वेगळा निवडता येत नाही. तिथे क्लोनच.

तपासणी

Ctrl+0 ने पूर्ण फोटो स्क्रीनवर घ्या आणि दोन्ही नव्या थरांपुढची डोळ्याची खूण बंद-चालू करा. पण डागांच्या जागी राहिलेले फिकट ठसे साध्या नजरेला चटकन दिसत नाहीत, आणि छापून आल्यावर मात्र दिसतात. त्यासाठी सगळ्यात वर एक Curves थर घाला आणि रेषा मधोमध उभी ओढून कॉन्ट्रास्ट खूप वाढवा. चेहरा भेसूर दिसेल, दिसू द्या. जिथे रंग जुळला नाही तिथे गोल ठसे उठून दिसतील, जिथे पोत मेला आहे तिथे गुळगुळीत डबकी दिसतील. ठसा दिसला तर तो ठिपका पुसून स्रोत बदलून पुन्हा करा.

हा थर चालू असताना दुरुस्ती करायची असेल तर Sample पुढे Current & Below आहे ना, याची खात्री करा. तिथे All Layers असेल तर टूल Curves मुळे बदललेला रंग उचलून खाली ठेवेल आणि मग Curves त्यावर पुन्हा चढेल. प्रत्येक ठिपका भडक दिसायला लागला तर कारण बहुतेक हेच. तपासणी झाली की Curves थर काढून टाका.

आमच्या फोटोत कपाळाचा पॅच निर्दोष निघाला, गालही. जबड्यावर क्लोनच्या ठिपक्याच्या त्वचेकडच्या अर्ध्या भागात जरासा उजळ चंद्रकोर दिसला, कारण स्रोत डागापेक्षा थोडा वरचा, म्हणजे उजेडाच्या जवळचा होता. रेषा जुळली होती, रंग किंचित नव्हता. तेव्हा त्याच थरावर, केसांपासून दूर, फक्त त्वचेच्या भागात हीलिंग ब्रशचं एक क्लिक दिलं. अवघड कडेवर मी नेहमी असंच करते: कड क्लोनने बांधून घ्यायची आणि आतला रंग हीलिंगने जुळवायचा.

तीळ

शिकणाऱ्या मुलाने हनुवटीवरचा तीळही काढला होता. मी तो परत आणायला लावला. काम रिकाम्या थरावर असल्यामुळे खोडरबराच्या एका फटकाऱ्यात तो परत आला. पुटकुळी आठवड्याने जाते, तीळ जात नाही. बायोडाटातला फोटो पाहून उद्या कोणी भेटायला येणार आहे. माझा नियम असा की पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते काढायचं आणि कायमचं आहे ते गिऱ्हाइकाने स्वतः सांगितल्याशिवाय काढायचं नाही. कांजण्यांचे जुने व्रण असतील आणि ते हलके करून हवे असतील, तर त्यांच्यासाठी वेगळा रिकामा थर घ्या, हीलिंगने पूर्ण काढा आणि मग त्या थराची Opacity ५० टक्क्यांवर आणा. हीलिंग ब्रशला स्वतःची Opacity नसते, ती अशी थरातून मिळते. पासपोर्टसारख्या ओळखपत्राच्या फोटोत मात्र त्वचेला अजिबात हात लावू नका.

संध्याकाळी मुलीची आई फोटो बघायला आली. स्क्रीनवर आधीचा आणि नंतरचा दाखवला. तिने नंतरच्या फोटोत आधी हनुवटीकडे बघितलं, तीळ आहे ना याची खात्री केली, आणि मग म्हणाली, "चार कॉप्या द्या." आम्ही थरांसकट PSD जपून ठेवली आणि प्रिंटसाठी वेगळी JPEG काढली.